काम अडल्याचा निरोप

चॅटवरून मॅनेजरला पाठवलेल्या ‘काम अडले आहे’ या निरोपात तीन गोष्टी असाव्या लागतात: काम नेमके कुठे थांबले, ते सुरू व्हावे म्हणून काय करून पाहिले आणि आता मॅनेजरकडून काय हवे. काम अवघड जाणे वेगळे आणि अडणे वेगळे. प्रोग्रॅम लिहायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, पण तो रोज थोडा पुढे सरकत असेल, तर काम फक्त अवघड आहे. त्याबद्दल सांगायचे असेल तर मुदतीविषयी सांगावे. मात्र करणाऱ्याने कितीही वेळ दिला तरी पुढचे पाऊल त्याच्या हातात नसेल, परवानगी, माहिती किंवा निर्णय दुसऱ्या कोणाकडून यायचा असेल, तर काम अडलेले आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत यालाच ‘ब्लॉक होणे’ म्हणतात.

हा निरोप ज्याला जातो, त्याने बहुधा संबंधित कोड पाहिलेला नसतो आणि तो पाहणे हे त्याचे कामही नसते. मॅनेजरला करता येण्यासारख्या गोष्टी ठरलेल्या असतात. दुसऱ्या विभागातल्या योग्य माणसाशी बोलणे, मंजुरी देणे किंवा मिळवणे, कामांचा क्रम बदलणे आणि मुदत पाळता येणार नसेल तर ग्राहकाला वेळेवर सांगणे. निरोप एकदा वाचून यांपैकी काय करायचे आहे ते त्याला कळले पाहिजे. ‘काय करून पाहिले’ हा भाग म्हणूनच मेहनतीचा हिशेब देण्यासाठी नसतो. अडथळा कुठे आहे आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, हे त्या भागावरून ठरते.

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नेहमी घडणारा एक प्रसंग घेऊन हे पाहता येईल. ग्राहक कंपनी न्यूयॉर्कची आहे. पुण्यातली एक अभियंता तिच्यासाठी विक्रीचा अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम लिहिते आहे. शुक्रवारी ग्राहकाची माणसे त्याची चाचणी घेणार आहेत. मंगळवारी सकाळी ती हा प्रोग्रॅम चाचणीसाठी आलेल्या नव्या सर्व्हरवर चढवते, पण त्याला डेटाबेसशी जोडणी मिळत नाही. प्रोग्रॅममधली चूक असेल का, हे पाहण्यासाठी ती प्रोग्रॅम बाजूला ठेवून थेट सर्व्हरवरून तपासते:

```
$ nc -vz db-staging 5432
nc: connect to db-staging (10.20.4.15) port 5432 (tcp) failed: Connection timed out
```

५४३२ हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा नेहमीचा पोर्ट आहे. प्रोग्रॅम नसतानाही जोडणी होत नाही, म्हणजे दोष प्रोग्रॅमबाहेरचा आहे. तो कुठला, याचा पहिला धागा त्रुटीच्या शब्दांतच असतो. `password authentication failed` असे आले असते, तर डेटाबेसपर्यंत पोहोचता आले पण पासवर्ड चुकला, असा अर्थ झाला असता. `Connection refused` असे क्षणात आले असते, तर बहुधा यंत्र सापडले पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हते. `Connection timed out` मध्ये मात्र पलीकडून काहीच उत्तर येत नाही. लिनक्सवर ही त्रुटी यायला साधारण दोन मिनिटे लागतात, कारण तेवढा वेळ सर्व्हर पुन्हा पुन्हा हाक मारून पाहतो. वाटेतल्या फायरवॉलने ही हाक गुपचूप टाकून दिली की असेच होते.

पण एवढ्यावर फायरवॉलला दोष देता येत नाही. डेटाबेसचे यंत्रच बंद असेल किंवा पत्ता चुकीचा असेल, तरीही हीच त्रुटी दिसू शकते. म्हणून ती हीच आज्ञा जुन्या सर्व्हरवर चालवते. तिथून जोडणी लगेच होते, म्हणजे डेटाबेस चालू आहे. `db-staging` हे नाव दोन्ही सर्व्हरवर एकाच पत्त्याकडे नेते, याचीही ती खात्री करते. आता शंका उरते ती फक्त नव्या सर्व्हरपासून डेटाबेसपर्यंतच्या वाटेची. ती वाट नेटवर्क विभागाच्या ताब्यात असल्यामुळे ती रीतसर टिकिट नोंदवते. दुपारी टिकिटावर शेरा येतो: डेटाबेसच्या मालकाची मंजुरी हवी. तो मालक ग्राहकाच्या कंपनीत, न्यूयॉर्कमध्ये बसतो. त्याच्याशी थेट बोलण्याचा मार्ग तिला नाही. मॅनेजरला आहे.

या टप्प्यावर अनेकदा जातो तो निरोप असा असतो: ‘सर, डेटाबेस चालत नाहीये, सकाळपासून खूप प्रयत्न केले. बघता का प्लीज?’ यातले एक विधान चुकीचे आहे, कारण डेटाबेस चालू आहे. बाकीच्या मजकुरावरून काय करायचे ते कळत नाही. मॅनेजर विचारतो, कोणता डेटाबेस? मग त्रुटी काय येते? मग टिकिट टाकले का? तो दिवसभर बैठकांत असेल, तर प्रत्येक प्रश्नोत्तरात अर्धा-पाऊण तास जातो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. ग्राहकाबरोबरचा रोजचा कॉल त्याच सुमारास होतो. तोपर्यंत मॅनेजरला चित्र स्पष्ट झाले नाही, तर विषय कॉलमध्ये निघत नाही आणि मंजुरी आणखी एक दिवस लांबते.

तोच निरोप दुपारी तीन वाजता असा पाठवता येतो:

> सर, विक्री अहवालाचं काम अडलं आहे. नव्या स्टेजिंग सर्व्हरवरून डेटाबेसची जोडणी होत नाही. उद्या दुपारपर्यंत ती झाली नाही, तर शुक्रवारची चाचणी होणार नाही.
>
> काय पाहिलं: नव्या सर्व्हरवरून पोर्ट 5432 ला `Connection timed out` येतं. जुन्या सर्व्हरवरून त्याच पत्त्याला जोडणी होते, म्हणजे डेटाबेस चालू आहे. बहुधा फायरवॉलमध्ये नव्या सर्व्हरला परवानगी नाही. नेटवर्क टीमकडे सकाळी टिकिट टाकलं आहे (`NET-2318`). त्यांना डेटाबेसच्या मालकाची मंजुरी हवी आहे.
>
> काय हवं: आज संध्याकाळच्या कॉलमध्ये क्लायंटकडून या टिकिटावर मंजुरी मिळवून द्याल का? फक्त हा एक सर्व्हर आणि हा एक पोर्ट.
>
> तोपर्यंत मी जुन्या सर्व्हरवर अहवालाची बाकीची पानं तपासते. मंजुरी उद्यावर गेली, तर चाचणी जुन्या सर्व्हरवर घ्यायची का, हे तुम्हाला ठरवावं लागेल.

पहिल्या तीन वाक्यांत कोणते काम, कुठे अडले आणि त्याने काय बिघडेल, एवढे येते. फोनवर चॅटची सूचना दिसते तेव्हा सुरुवातीच्याच ओळी दिसतात. त्या ओळींत ‘सर, वेळ आहे का?’ एवढेच असेल, तर निरोप उघडण्याची घाई कोणी करत नाही.

दुसऱ्या भागात केलेली प्रत्येक खटपट नाही. सकाळी तिने प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून पाहिला असेल, सेटिंगची फाइल दोनदा तपासली असेल. त्याने अडथळ्याची जागा ठरत नाही, म्हणून ते वगळले आहे. जुन्या सर्व्हरवरची चाचणी मात्र राहिली आहे, कारण ‘डेटाबेसच बंद असेल’ ही पहिली शंका तिने दूर होते. पाहिलेले आणि अंदाज केलेले इथे वेगळे ठेवले आहे. `timed out` हे डोळ्यांनी पाहिलेले, फायरवॉल हा अंदाज, म्हणून त्याच्याआधी ‘बहुधा’. हा शब्द गाळला आणि कारण दुसरेच निघाले, तर ग्राहकासमोर चुकीची गोष्ट ठामपणे सांगितल्याची पाळी मॅनेजरवर येते. त्रुटीचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, तेही मजकूर म्हणून. स्क्रीनशॉटमधला मजकूर मॅनेजरला सहजासहजी कॉपी करून पुढे पाठवता येत नाही आणि नंतर शोधूनही सहसा सापडत नाही.

तिसरा भाग सर्वांत जास्त वेळा राहून जातो. ‘मदत हवी आहे’ ही मागणी होत नाही. कोणी, काय, कधीपर्यंत करायचे, हे आले की ती मागणी होते. इथे मागणी एका टिकिटावरच्या एका मंजुरीची आहे आणि तिला आज संध्याकाळची वेळ आहे. ‘फक्त हा एक सर्व्हर आणि हा एक पोर्ट’ हे वाक्यही महत्त्वाचे आहे. फायरवॉल सरसकट उघडा, अशी मागणी कोणताही जबाबदार मालक नाकारतो. नेमक्या मागणीला होकार देणे त्याला सोपे जाते.

चौथ्या भागामुळे मॅनेजरला दोन गोष्टी कळतात. माणूस रिकामा बसलेला नाही आणि मंजुरी आली नाही तर कोणता निर्णय त्याच्यासमोर येणार आहे. जुन्या सर्व्हरवर चाचणी घेतली, तर शुक्रवार पाळता येतो, पण नवा सर्व्हर तपासायचा राहतो. ही तडजोड चालेल की नाही, हे अभियंत्याने ठरवायचे नसते. पर्याय मांडणे एवढे तिच्याकडे.

निरोप कधी पाठवायचा, हे अडथळा कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते. पहिली त्रुटी दिसताच पाठवला, तर दुसऱ्या भागात लिहायला काही नसते. शेजारच्या सहकाऱ्याला विचारून किंवा टिकिट टाकून सुटणारी गोष्ट आधी त्या वाटेने सोडवून पाहायची असते. पण पुढचे पाऊल आपल्या हातात नाही हे दिसले, की थांबण्यात अर्थ नसतो. अनेक ठिकाणी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत सांगायची म्हणून राखून ठेवतात. स्क्रम पद्धतीत ही रोजची बैठक १५ मिनिटांची असते, पण त्या पद्धतीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही आखणी बदलण्याची ही एकच वेळ नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. वरच्या प्रसंगात बुधवारच्या सकाळपर्यंत थांबले असते, तर मंगळवारचा कॉल हातचा गेला असता.

काही गोष्टी या निरोपात कधीच येऊ नयेत. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या चॅटमध्ये टाकायच्या नसतात, कारण तो मजकूर अनेकांना दिसतो आणि साठून राहतो. ‘नेटवर्कवाले काही करतच नाहीत’ असे वाक्यही नको. तो निरोप तसाच पुढे पाठवला जाऊ शकतो, आणि इथे तर त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिले आहे. टिकिटाचा क्रमांक आणि त्यावरचा शेरा दिला, की कुठे थांबले आहे ते आपोआप कळते.

मंजुरी मिळाली आणि वाट उघडली, की त्याच निरोपाखाली उत्तर द्यायचे: जोडणी झाली, अडचण फायरवॉलचीच होती, शुक्रवारची चाचणी ठरल्याप्रमाणे होईल. तसे न कळवल्यास मॅनेजर सुटलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करत राहतो. शिवाय पुढचा नवा सर्व्हर येईल तेव्हा ही मंजुरी आधीच मागायला हवी, ही नोंदही त्या उत्तरामुळे सर्वांसमोर राहते.