रक्ती आव : बदलत गेलेली औषधं आणि न बदललेला एक नियम

1969 साली ग्वाटेमालात रक्ती आवेची साथ आली आणि बघता बघता मध्य अमेरिकेतल्या शेजारच्या देशांत पसरली. शौचातून रक्त आणि आव पडते आहे म्हणजे अमीबाच, असं तिथल्या डॉक्टरांनी सुरुवातीला धरलं आणि अमीबावरची औषधं दिली. रोगी सुधारेनात. मृत्यूंचा आकडा हजारांत गेल्यावर प्रयोगशाळेतून खरा दोषी हाती लागला : शिगेला डिसेंटेरी प्रकार 1. जपानमधल्या साथीत कियोशी शिगा यांनी 1897 साली शोधून काढलेला हाच तो जिवाणू. नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना तो तोवर दाद देईनासा झाला होता.

लहान मुलाला रक्ती आव झाली की दोन प्रश्न उभे राहतात. कुठलं औषध द्यायचं आणि जुलाब थांबवायचे का. गेल्या पन्नासेक वर्षांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार-पाच वेळा बदललं. मुलांच्या बाबतीत दुसऱ्याचं उत्तर मात्र दर वेळी ‘नाही’ असंच आलं, आणि ते दर वेळी अधिक ठाम होत गेलं. हे दोन्ही प्रवास शेजारी ठेवून पाहिले, तर आज बालरोगतज्ज्ञ चिठ्ठीवर काय लिहितात आणि काय मुद्दाम लिहीत नाहीत, हे नीट उमगतं.

आधी आजार समजून घेऊ. पाण्यासारख्या जुलाबात आतडं पाणी सोडतं, पण त्याचं अस्तर बहुधा शाबूत असतं. शिगेला मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत जातो, तिथे सूज येते आणि जखमा होतात. म्हणून ताप येतो, पोटात मुरडा येतो, मूल कुंथत राहतं आणि दर वेळी चमचाभर शी होते, तीही रक्त नि शेंबडासारख्या आवेची. संसर्गाला अवघे दहा ते शंभर जिवाणू पुरतात. त्यामुळे घरातल्या एकाला झालं की न धुतलेल्या हातांवाटे ते दुसऱ्यापर्यंत सहज पोचतं. लहान मुलांतल्या रक्ती आवेचं सर्वांत मोठं कारण आपल्याकडे शिगेलाच आहे. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं. अमीबा लहान मुलांत त्या मानाने क्वचित आढळतो. तरीही शौचात रक्त दिसलं की आधी मेट्रोनिडाझोल देण्याची सवय आपल्याकडे टिकून आहे. ग्वाटेमालात झाली तीच ही गफलत. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी गिळलेला अमीबा दिसला, किंवा शिगेलावरची दोन औषधं देऊनही गुण आला नाही, तरच अमीबाकडे वळायचं असतं.

आता औषधांकडे येऊ. अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्झॅझोल ही एके काळची हुकमी औषधं. 1984 साली पश्चिम बंगालात शिगेलाची साथ आली तेव्हा ती दोन्ही निकामी ठरली आणि डॉक्टरांनी नॅलिडिक्सिक ॲसिडचा आधार घेतला. काही वर्षांत तेही बोथट झालं. मग सिप्रोफ्लॉक्सासिन पुढे आलं. पण ते मुलांना देताना डॉक्टर कचरत होते, कारण वाढत्या वयाच्या कुत्र्यांच्या पिल्लांवरील प्रयोगांत त्याने सांध्यांच्या कूर्चेला इजा झाली होती. मुलांमध्ये मात्र थोड्या दिवसांच्या उपचारात तशी कायमची इजा दिसून आली नाही. ढाक्यातल्या अतिसार संशोधन केंद्राने 1998 साली मुलांना या औषधाचं सरबत देऊन ते उपयोगी आणि सुरक्षित असल्याचं दाखवलं. पुढे बांगलादेश आणि आफ्रिकेतल्या मुलांवर झालेल्या चाचणीत तीन दिवसांचा उपचार पाच दिवसांइतकाच गुणकारी ठरला. या साऱ्याचा विचार करून 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिगेलासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनला पहिलं स्थान दिलं आणि नॅलिडिक्सिक ॲसिड वगळलं.

पण तोपर्यंत 2002 मध्ये सिलिगुडीच्या चहाच्या मळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनलाही न जुमानणारा शिगेला सापडला होता. आज दक्षिण आशियात असे जिवाणू सर्रास आढळतात. त्यामुळे संघटनेच्या 2022 च्या प्रतिजैविक पुस्तिकेत पहिलं नाव सिप्रोफ्लॉक्सासिनचं असलं, तरी स्थानिक जिवाणू त्याला दाद देत नसतील तर अझिथ्रोमायसिन वापरावं, असं मानलं जातं. अझिथ्रोमायसिनची मोठी सोय म्हणजे ते दिवसातून एकदाच द्यायचं असतं आणि पेशींच्या आत चांगलं साठतं. शिगेला लपतो तोही पेशींच्या आतच. आपल्याकडे बरेच बालरोगतज्ज्ञ सेफिक्झीम देतात, आणि मूल फार आजारी असेल तर शिरेतून सेफ्ट्रायक्झोन. अझिथ्रोमायसिनलाही प्रतिकार करणारा शिगेला आता आढळू लागला आहे, म्हणून शक्य असेल तिथे पहिला डोस देण्याआधी शौचाचा नमुना कल्चरसाठी पाठवावा. निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. पहिलं औषध लागू पडलं नाही, तर पुढचं कुठलं हे तोच निकाल सांगतो.

आता जुलाब थांबवण्याच्या औषधांची बाजू पाहू. लोपेरामाइड आणि डायफेनॉक्सिलेट ही दोन्ही औषधं आतड्याची हालचाल मंदावतात. शी कमी होते आणि बरं वाटू लागल्याचा भास होतो. 1973 साली अमेरिकेत स्वेच्छेने शिगेलाचा संसर्ग करून घेतलेल्या प्रौढांवर डायफेनॉक्सिलेट वापरून पाहिलं गेलं. त्यांचा ताप लांबला आणि जिवाणू शरीराबाहेर जायला वेळ लागला. कारण सरळ आहे. जिवाणू आणि त्यांचं विष बाहेर टाकायचं काम आतडं करत असतं. त्याची हालचाल थांबली की हा सगळा ऐवज जखमी अस्तराला चिकटून राहतो. क्वचित मोठं आतडं फुगून निकामी होतं आणि फाटण्याची भीती असते.

तान्ह्या बाळांत धोका याहून मोठा असतो, कारण ही औषधं त्यांच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. बाळ सुस्तावतं, श्वास मंदावतो, पोट फुगतं आणि आतडं पूर्ण थांबतं. पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब पाजलेल्या तान्ह्या मुलांची आतडी थांबल्याच्या आणि काही मुलं दगावल्याच्या हकिगती 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापल्या. त्यानंतर ते थेंब बाजारातून मागे घेतले गेले. 2007 मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा लोपेरामाइड घेतलेल्या नऊशेवर मुलांपैकी आठ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले होते. ती आठही मुलं तीन वर्षांच्या आतली होती. औषध न दिलेल्या गटात असं एकही मूल नव्हतं. भारतात तर मुलांसाठीच्या अशा जुलाबबंद औषधांवर सरकारने बंदी घातलेली आहे. प्रौढांत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीला लोपेरामाइड दिल्याने जुलाब लवकर थांबल्याचं एका अभ्यासात दिसलं खरं, पण मोठ्या माणसाचा तो हिशेब दीड वर्षाच्या मुलाला लावता येत नाही.

आणखी एक प्रकरण या नियमाला बळ देतं. 1982 साली अमेरिकेत ई. कोलाय ओ157 या जिवाणूची साथ आली. तोही शिगाच्या जिवाणूसारखंच विष बनवतो, आणि काही मुलांत ते मूत्रपिंडं निकामी करतं. या आजारात जुलाब थांबवणारं औषध धोक्याचं मानलं जातं, आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रतिजैविक दिल्यानेही मूत्रपिंडाचा त्रास वाढू शकतो. म्हणून शौचातून रक्त जातंय पण ताप नाही, असं मूल दिसलं की, विशेषतः हा जिवाणू जास्त आढळणाऱ्या देशांत, डॉक्टर प्रतिजैविकाची घाई करत नाहीत. रक्ताशिवायच्या पाणचट जुलाबात प्रतिजैविकाचा उपयोग किती, हेही आता मोजून झालं आहे. भारतासह सात देशांतल्या आठ हजारांवर मुलांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाणचट जुलाबाच्या मुलांना अझिथ्रोमायसिन दिलं गेलं. मृत्यू टाळण्यात त्याचा फायदा दिसला नाही. त्या मुलांना खरी गरज असते ती ओआरएस आणि झिंकची.

हे सगळं एका मुलावर उतरवून पाहू. समजा, दीड वर्षाची 10 किलोची मुलगी आहे. कालपासून 102 ताप, दिवसभरात बारा वेळा थोडी थोडी शी, त्यात रक्त आणि आव. डॉक्टर आधी तिचे डोळे, तोंड आणि कातडी पाहून पाणी किती कमी झालंय ते ठरवतील. मग पोट हाताने चाचपतील. मूल थांबून थांबून किंचाळत गुडघे पोटाशी घेत असेल, उलट्या होत असतील आणि शी लाल जेलीसारखी असेल, तर आतड्यात आतडं शिरल्याची शंका घेऊन तातडीने सोनोग्राफीला पाठवतील. तिथे प्रतिजैविकाने काही होणार नाही. इथे पोट मऊ आहे आणि लक्षणं शिगेलाची आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे दर वेळी 150 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. त्या भागात ते चालत नसेल तर अझिथ्रोमायसिन किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे रोज एकदा 100 मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस. ही गणितं डॉक्टरांनीच करायची, घरच्यांनी नाही. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर थेट रुग्णालय.

सोबत प्रत्येक शीनंतर वाटी-वाटीने ओआरएस, रोजचं दूध आणि जेवण चालू, आणि दिवसाला 20 मिलिग्रॅम झिंक, चौदा दिवस. इथे एक बारकावा बऱ्याचदा निसटतो. झिंक आणि सिप्रोफ्लॉक्सासिन पोटात एकत्र आली की एकमेकांना बांधून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन झिंकच्या आधी किमान दोन तास, किंवा नंतर सहा तासांनी द्यावं, आणि नुसत्या दुधाबरोबर पाजू नये.

आजीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी येणारच : ‘अजून शी थांबली नाही, काहीतरी बंद करायचं द्या ना!’ या प्रश्नामागे माया असते, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. शी किती वेळा झाली हे औषध लागू पडल्याची एकमेव खूण नाही. दोन दिवसांनी ताप उतरला का, शौचातलं रक्त कमी झालं का आणि मूल खाऊ लागलं का, हे पाहायचं. यातलं काहीच सुधारलं नसेल तर जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही असं समजून दुसरं औषध सुरू करतात. पोट फुगलं, मूल झोपाळू झालं, फिट आली, लघवी कमी झाली किंवा चेहरा पांढराफटक पडला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. आणि ‘जुलाब बंद’ची गोळी मेडिकलच्या दुकानात कितीही सहज मिळत असली, तरी ती या मुलीला द्यायची नाही.