नऊ फायली मागे ठेवून

सीएच्या ऑफिसात ऑगस्टच्या पंधरवड्यात राजीनामा देणं म्हणजे लग्नघरी अक्षता पडायच्या वेळी आचाऱ्याने एप्रन काढून ठेवणं. 2023 साली मी ते केलं. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या फर्ममध्ये मी पेड असिस्टंट होतो. सीए नाही, पण फायली स्वतंत्रपणे हाताळणारा. 14 ऑगस्टला सरांच्या हातात कागद दिला, एक महिन्याची नोटीस. 13 सप्टेंबर शेवटचा दिवस आणि 15 तारखेला नवी नोकरी. घरचं आजारपण नव्हतं, परीक्षा नव्हती. पगार बरा होता, एवढंच कारण.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 44एबीनुसार टॅक्स ऑडिट करून घ्यावं लागे आणि त्याचा अहवाल 30 सप्टेंबरपर्यंत पोर्टलवर जावा लागे. चुकलं तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम दंड म्हणून लागू शकत असे. दंड व्यापाऱ्याला, पण बोलणी ऑफिसला. शिवाय गणपती. त्या वर्षी गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी 28 ला. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पेठेत ऑफिस उघडण्याचा विचारसुद्धा कोणी करत नाही. मुदतवाढ मिळेल म्हणावं, तर 2022 मध्ये अगदी 30 सप्टेंबरला सात दिवसांची मिळाली होती. त्या आशेवर माणसं बसतात. 2023 मध्ये व्यापाऱ्यांच्या टॅक्स ऑडिटला ती मिळाली नाही.

माझ्या नावावर 14 फायली होत्या. तीन अर्ध्या झालेल्या, अकरांना हात लागलेला नव्हता.

सर काही बोलले नाहीत. कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ऐन सीझनमध्ये?" त्या दोन शब्दांना माझ्याकडे दोन उत्तरं तयार होती, आणि दोन्ही दिली नाहीत याचा आनंद मला आजही आहे. पहिलं उत्तर असं होतं: सर, मला खूप वाईट वाटतंय, रात्रभर झोप नाही, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. हे ऐकायला नम्र वाटतं. पण ज्याच्या डोक्यावर चौदा फायली पडणार आहेत त्यालाच मग "अरे, असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस" असं म्हणावं लागतं. काम त्यानेच करायचं आणि समजूतही त्यानेच घालायची. दुसरं उत्तर होतं: सर, दोन वर्षं सांगतोय, एक माणूस वाढवा. हे खरं होतं. पण खरं असलं तरी ते सांगायची वेळ जुलैतली होती. जाताना तेच वाक्य बोललं की निरोपाचं बिल होतं आणि ते टेबलावर मागे राहणाऱ्यांसमोर पडतं.

मी म्हणालो, "हो सर, सीझनमध्येच. चौदा फायली आहेत. किती पुऱ्या होतील आणि किती कोणाकडे जातील ते उद्या लिहून देतो."

ते लिहिताना पहिली चूक होता होता वाचली. माझा बेत होता की महिनाभरात चौदाही फायलींना हात लावायचा, जमेल तेवढं प्रत्येकीत पुढे न्यायचं. मनाला बरं वाटतं, सगळ्यांचं थोडं थोडं केल्यासारखं. आमच्या ऑफिसात एक ताई होत्या, बावीस वर्षं याच कामात. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अर्धी केलेली फाईल मला देऊ नकोस. कोरी दे."

यातली गोम बाहेरच्याला चटकन कळणार नाही. ऑडिटच्या फाईलमध्ये कोणी बँकेची नोंद तपासून पेन्सिलीने टिक मारली असेल, तर पुढच्याला त्या टिकेचा अर्थ विचारावा लागतो. व्हाउचर पाहिलं म्हणून टिक, की नुसती बेरीज जुळली म्हणून? विचारायला माणूस नसेल तर तो सगळं पुन्हा तपासतो, आणि आधीच्याने काय केलं होतं याचा अंदाज बांधण्यात वर दोन तास घालवतो. बारा तासांची फाईल चौदा तासांची होते. ऑडिटच्या कागदपत्रांसाठी एसए 230 नावाचं मानक आहे. त्याची कसोटी साधी आहे: या कामाशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला नुसते कागद वाचून कळलं पाहिजे की काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्ष काय. परीक्षेत आम्ही हे पाठ करतो. सोडून जाताना त्याचा खरा उपयोग कळतो.

म्हणून ठरलं असं: तीन अर्ध्या फायली पूर्ण करायच्या, आणखी दोन नव्या घेऊन शेवटपर्यंत न्यायच्या. उरलेल्या नऊंना हात लावायचा नाही. पूर्ण म्हणजे सीएंची सही, अहवाल अपलोड आणि व्यापाऱ्याने स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारणं, इथपर्यंत. हा शेवटचा टप्पा पुष्कळजण विसरतात. सीएने अहवाल चढवला तरी करदात्याने तो स्वीकारेपर्यंत काम झालेलं नसतं.

मग ओझ्याचं माप काढलं. नऊ फायली, प्रत्येकी साधारण बारा तास, एकशे आठ तास. घेणारी माणसं तीन. प्रत्येकी छत्तीस तास. 14 ते 30 सप्टेंबर सतरा दिवस दिसतात, पण दोन रविवार, चतुर्थी आणि विसर्जन वजा केलं की तेरा उरतात. म्हणजे प्रत्येकाने स्वतःचं काम सांभाळून रोज पावणेतीन तास जादा. हा आकडा मी सरांना लिहून दिला, कारण त्यावर ते काहीतरी करू शकत होते. "टीमवर ताण येईल याची मला जाणीव आहे" या वाक्यावर कोणी काहीच करू शकत नाही. सरांनी आकडा पाहिला आणि पावसाळ्यानंतरही थांबू शकणारं दोन कंपन्यांचं अंतर्गत काम ऑक्टोबरवर ढकललं. दोन आर्टिकल मुलांची नोव्हेंबरच्या परीक्षेची रजा जवळ आली होती. त्यांच्यावर माझ्या फायली टाकायच्या नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

तिघांना मी एकेकटं गाठून सांगितलं, ग्रुपवर नाही. ग्रुपवर सांगितलं की अंगठे येतात आणि ज्याला राग आलाय त्यालाही अंगठाच द्यावा लागतो. ताईंना म्हणालो ते जवळजवळ असं होतं: "ताई, माझ्या चार फायली तुमच्याकडे येतायत. गणपतीत तुमचे रोजचे साडेतीन-पावणेचार तास त्यात जाणार. हे माझ्या जाण्यामुळे होतंय, मला माहीत आहे. चौघांकडून बँक स्टेटमेंट आणि स्टॉकचा तपशील मी जायच्या आधी मागवून ठेवतो, म्हणजे तुम्हाला फोन करत बसावं लागणार नाही. यातली एखादी दुसऱ्याकडे द्यावी असं वाटत असेल तर आत्ताच सांगा, सरांशी मी बोलतो."

त्यात माफी मागितलेली नाही, हे मुद्दाम. नोकरी बदलणं हा अपराध नाही आणि नोटीस नियमाप्रमाणे होती. पण "नियमाप्रमाणेच जातोय" हेही म्हटलं नाही, कारण नियम पाळला म्हणून ताईंचे तास परत येत नाहीत. ताई म्हणाल्या, "राग आलाय मला, पण तो जाईल. लोखंडवाल्याची फाईल मला नको, त्याचा स्टॉक कधीच जुळत नाही." ती दुसऱ्याकडे गेली. राग आलाय म्हटल्यावर मी तो घालवायच्या मागे लागलो नाही. त्यांचा राग त्यांचा होता.

पेढ्यांचा एक किस्सा. नवी नोकरी म्हणून शेवटच्या आठवड्यात मी पेढे आणायला निघालो होतो. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "लेका, आत्ता नको. आमच्या तोंडात पेढा आणि समोर तुझ्याच फायली, हे दृश्य बरं दिसणार नाही. एक तारखेनंतर आण." त्याचं बरोबर होतं.

निघताना "कधीही फोन करा" असं म्हणायची रीत आहे. ते वचन कोणी पाळू शकत नाही, आणि घेणाऱ्यालाही संकोच होतो, की नव्या नोकरीत याला किती छळायचं? मी सांगितलं: 30 तारखेपर्यंत, संध्याकाळी आठ ते नऊ, फक्त या नऊ फायलींबद्दल. तेही कुठली गोष्ट कुठे आहे एवढंच सांगेन. लॉगिनचे पासवर्ड, अशिलांचे कागद यातलं काहीही माझ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर राहिलं नव्हतं. राहायलाही नको. फर्म सोडल्यावर अशिलाची माहिती पाहण्याचा आपला हक्क संपतो. मदतीच्या नावाखाली ती जवळ ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ते मला पटत नाही.

नऊ फायलींसाठी नऊ कागद ठेवले. प्रत्येकावर गेल्या वर्षी काय अडलं होतं, हिशेब कोण लिहितो आणि त्याचा फोन कधी लागतो, कोणत्या कर्जाची व्याजाची पावती उशिरा येते, डिजिटल सहीचं टोकन कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे. सतरा दिवसांत मला फोन आले दोन. पहिला लोखंडवाल्याच्या स्टॉकबद्दल, अपेक्षेप्रमाणे.

दुसरा 29 सप्टेंबरला रात्री साडेआठला, ताईंचा. अहवाल तयार, सही झालेली, अपलोड झालेला. फक्त अशिलाने स्वीकारायचा होता आणि त्याच्या टोकनची मुदत 25 तारखेला संपली होती. नवीन घ्यायचं तर व्हिडिओवर ओळख पटवावी लागते, मोबाईलवर ओटीपी येतो. अशील गणपतीला गावी गेला होता, राजापूरच्या पुढे, जिथे रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं. तो 1 तारखेच्या रात्री पुण्यात परतला. अहवाल 2 ऑक्टोबरला स्वीकारला गेला, दोन दिवस उशिरा. बाकीच्या आठ वेळेत गेल्या होत्या.

टोकन कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे, हे माझ्या कागदावर होतं. त्याची मुदत कधी संपते, हा रकाना नव्हता. मी फोनवर ताईंना तेवढंच म्हणालो, "तारीख लिहायची राहिली, चूक माझी." त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. पेढे घेऊन मी 7 ऑक्टोबरला गेलो. त्यांनी एक घेतला.