घरातले हवामान : पुढील सात दिवस

सदाशिव पेठेतील चौघांच्या एका कुटुंबासाठी घरगुती वेधशाळेने आठवड्याचा अंदाज जाहीर केला आहे. निरीक्षण केंद्रे चार : आई, बाबा, आजी आणि दहावीतली कन्या.

सोमवार-मंगळवार हवा मुख्यतः कोरडी. पलंगावरच्या ओल्या टॉवेलावरून भुरभुर संभवते. पण चोवीस तासांत २.५ मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय हवामान खाते त्याला पावसाचा दिवस मानत नाही, तेव्हा टॉवेलाचीही नोंद होणार नाही. तुरळक ठिकाणी गडगडाट होईल. तुरळक म्हणजे फार तर पाव केंद्रांवर. चौघांपैकी एकटी कन्या फणफणली, तरी अंदाज शास्त्रशुद्ध ठरतो.

बुधवारी रात्री जेवताना बाबा सांगतील, की त्यांच्या नागपूरच्या आत्या शुक्रवारी मुक्कामाला येत आहेत. फोनवर होकार त्यांनी रविवारीच दिला होता. स्वयंपाकघरावर लगेच कमी दाबाचे क्षेत्र तयार होईल. वरवर काही दिसणार नाही. "बरं" एवढाच शब्द ऐकू येईल आणि भांडी जरा जोरात घासली जातील.

गुरुवारी ऑरेंज अलर्ट, म्हणजे तयारीत राहा. बाष्पाने भरलेली हवा वर जाऊन थंड झाली, की बाष्पाचे थेंब होतात आणि होताना त्यात दडलेली उष्णता सोडतात. ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते. पाऊस धरता धरता ढगच फुगत जातो. इथेही विषय निघेल पाहुण्यांच्या गादीचा. पण पहिले वाक्य पडताच कन्येच्या बारशाला आत्याबाई साडीवरून काय बोलल्या होत्या ते बाहेर पडेल, त्या उष्णतेवर दिवाळीचा फराळ निघेल, आणि रात्रीपर्यंत चक्रीवादळ. बाष्प तुटले की वादळ विरते, म्हणूनच ते जमिनीवर आले की दमते. बाबांनी "मी एवढं काय म्हटलं?" हे बाष्प पुरवू नये.

शुक्रवारी सकाळी रेड अलर्ट, म्हणजे आता हातपाय हलवा. पंखे पुसावेत, माळ्यावरची गादी काढावी. स्वयंपाकघरात डोकावू नये. दुपारी आत्याबाई दारात येताच एकदम लख्ख ऊन पडेल. "या, या, प्रवास कसा झाला?" बाबांनी हुरळून जाऊ नये. हा वादळाचा डोळा आहे. तो पुढे सरकला, की वारे उलट दिशेने वाहू लागतात.

तसे ते शनिवारी वाहतील. "तिला आधी सांगायला नको होतं का रे?" असे आत्याबाईच विचारतील, आई गप्प बसून चहा गाळेल आणि आजीही मान डोलावेल. मुसळधार पावसाचा जोर एकाच केंद्रावर राहील.

रविवारचा अंदाज कच्चाच समजावा. पाच दिवसांपलीकडे अचूकता घसरतेच. आत्याबाईंचे परतीचे तिकीट अद्याप काढलेले नाही.