तीनशे किलोमीटरचा एक दिवस

पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. जाऊन-येऊन 240 आणि तिथले पॉइंट पाहण्यात 60 धरले, तर सगळी सहल 300 किलोमीटरची. ट्रॅव्हल्सवाल्याने समजा 14 रुपये किलोमीटर सांगितले, तर घरी हिशेब होतो 4,200 रुपयांचा. दोन दिवसांनी बिल येतं, त्यात नुसतं गाडीचं भाडंच 8,400 असतं. आपल्याला फसवलं, असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं.

बाहेरगावच्या भाड्यात किलोमीटरच्या दराइतकीच महत्त्वाची असते ती दिवसाची किमान मर्यादा. ती बहुधा 300 किलोमीटर असते, काही ठिकाणी 250. गाडी त्याहून कमी धावली तरी पैसे तेवढ्याचेच. कारण गाडी हॉटेलच्या अंगणात उभी असली तरी तिचा कर्जाचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार थांबत नाही, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या भाड्यालाही जाऊ शकत नाही. म्हणून दोन दिवसांचे 600 किलोमीटर, गुणिले 14. गंमत म्हणजे याच भाड्यात कोल्हापूर, जोतिबा आणि पन्हाळा करूनही दोन दिवसांत परत येता येतं. जवळच्या सहलीला ही पद्धत महाग पडते, लांबच्या सहलीला परवडते.

आता खरी मेख आहे ती दिवस कसा मोजतात यात. अनेकांना वाटतं, निघाल्यापासून चोवीस तास म्हणजे एक दिवस. बऱ्याच ट्रॅव्हल्सवाल्यांकडे मात्र तारीख मोजतात, रात्री बारा ते रात्री बारा. महाबळेश्वरलाच जाणारं कुटुंब शुक्रवारी रात्री नऊला निघालं आणि रविवारी संध्याकाळी परतलं, तर तारखा होतात तीन. म्हणजे 900 किलोमीटरचे 12,600 रुपये, शिवाय ड्रायव्हरचा भत्ता रोजचा 400 धरला तर 1,200, एकूण 13,800. तेच कुटुंब शनिवारी सकाळी सहाला निघालं असतं, तर 8,400 आणि 800 मिळून 9,200 झाले असते. शुक्रवारच्या तीन तासांसाठी 4,600 रुपये जास्त गेले. टोल, पार्किंग आणि लागू असल्यास जीएसटी यांशिवायचा हा हिशेब आहे.

लांबच्या सहलीत आणखी एक प्रश्न आधीच विचारायला हवा: किमान किलोमीटर रोजचे वेगळे धरणार की सगळ्या दिवसांची सरासरी? पुणे, कोल्हापूर, गणपतीपुळे आणि परत पुणे अशी तीन दिवसांची सहल घेऊ. पहिले दोन दिवस गाडी तीनशेच्या आत राहते. तिसऱ्या दिवशी परतताना साडेतीनशेच्या आसपास धावते. सरासरी धरली तर 900 किलोमीटरचेच पैसे. रोजचं वेगळं धरलं, तर शेवटच्या दिवसाचे 50 किलोमीटर वर चढतात. सरासरीचा रिवाज सर्रास आहे, तरी तो मेसेजमध्ये लिहून घेतलेला बरा.

किलोमीटरही आपल्या दारापासून मोजले जात नाहीत. गाडी गॅरेजमधून निघते तिथपासून ती गॅरेजला परत पोचेपर्यंत मीटर धरतात. गॅरेज हडपसरला आणि घर कोथरूडला असेल, तर दोन्ही वेळचं ते अंतर आपल्याच खात्यात. गाडी दारात आली की ड्रायव्हरबरोबर मीटरचा फोटो काढावा आणि गॅरेज सोडतानाचा आकडाही विचारून घ्यावा. परतल्यावर वाद होतो तो याच आकड्यावरून.

टोल वेगळा असतो आणि तो प्रत्यक्ष कापला गेला तेवढाच द्यायचा. कोल्हापूरच्या वाटेवर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे नाके लागतात. महाबळेश्वरला सुरूर फाट्यावरून वळलं तर फक्त खेड शिवापूर. पैसे गाडीच्या फास्टॅगमधून जातात, त्यामुळे अंदाजे रक्कम मान्य करण्याऐवजी कपातीचे मेसेज पाहायला मागावेत. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परत आल्यास परतीचा टोल कमी लागतो, तो फरक तिथेच दिसतो. गोव्याला जायचं असेल तर परराज्याचा परमिट कर दरात धरला आहे का, हेही ठरवून घ्यावं.

भत्त्यावर मात्र घासाघीस करू नये. तो ड्रायव्हरच्या जेवणाचा आणि मुक्कामाचा पैसा आहे. त्यात हिल स्टेशनवर खोली मिळणं कठीण, म्हणून कित्येक ड्रायव्हर सीट मागे पाडून गाडीतच झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट त्यांनाच उतरायचा असतो. रात्री दहा-अकरानंतर गाडी चालली तर बरेच जण रात्रीचा भत्ता वेगळा लावतात. तोही रास्त आहे. हॉटेल बुक करताना ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का, हे विचारावं. काही हॉटेलांत त्यांच्यासाठी वेगळी खोली असते. भत्ता बिलात धरलाय की ड्रायव्हरच्या हातात द्यायचाय, हेही निघण्याआधीच स्पष्ट करून घ्यावं, म्हणजे तो दोनदा द्यावा लागत नाही आणि ड्रायव्हरही त्यावाचून राहत नाही.