अडीच घरांचा हिशेब : प्यादे मोठे की राजाची जागा?

बुद्धिबळाच्या डावात वजीर, हत्ती आणि उंट पटावरून गेले आणि दोन्ही पक्षांकडे एकेक घोडा व थोडी प्यादी उरली, म्हणजे पाहणारा प्रथम प्यादी मोजतो. ज्याच्याकडे एक अधिक, तो जिंकणार, असे त्याला वाटते. ही मोजणी निरर्थक नाही, परंतु अपुरी आहे. ती कोठे अपुरी पडते, एवढेच मी येथे सांगणार आहे.

दुबळ्या पक्षाची आशा एका साध्या नियमावर उभी असते : केवळ राजा आणि घोडा यांच्या बळावर मात करता येत नाही. त्यामुळे प्रतिपक्षाचे शेवटचे प्यादे दिसले, की आपला घोडा देऊन ते मारावे आणि डाव बरोबरीत सोडवावा, हा त्याचा हक्काचा मार्ग. म्हणून एकाच बाजूच्या चारांविरुद्ध तीन प्याद्यांत जे आधिक्य बहुधा पुरेसे ठरते, तेच दोनांविरुद्ध एक असताना बहुधा पुरत नाही. दुबळ्याने प्यादी बदलावीत आणि सबळाने ती राखावीत, हे सूत्र यातूनच निघते.

आता राजाकडे वळू. घोडा अडीच घरे चालतो. पटाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जाण्यास त्याला सहा खेळ्या लागतात. हत्तीप्रमाणे तो दुरून पहारा देऊ शकत नाही. त्यातच प्रत्येक खेळीला त्याच्या घराचा रंग बदलतो. त्यामुळे एखादी खेळी वाया घालवून, त्याच घरी परतून, पाळी प्रतिपक्षावर ढकलणे त्याला जमत नाही. ही उणीव राजाच भरून काढू शकतो. विश्वविजेते मिखाईल बोटविनिक घोड्यांचा शेवट हा प्याद्यांच्या शेवटासारखाच मानीत, असे सांगितले जाते. तात्पर्य असे, की घोडे मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवावेत आणि उरलेल्या राजांकडे व प्याद्यांकडे पाहावे.

पटाच्या उभ्या रांगा डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ धरू. पांढऱ्याचे प्यादे ई५ वर, राजा त्याच्यापुढे ई६ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर घोडे बदलून टाकावेत. पाळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. पण हेच चित्र एक ओळ खाली आणा : प्यादे ई४ वर, राजा ई५ वर, काळा राजा ई७ वर. आता घोडे बदलल्यावर पाळी पांढऱ्याची आली तर बरोबरी, काळ्याची आली तर पांढऱ्याचा विजय. प्यादे तेच, निर्णय मात्र राजाच्या ओळीने आणि पाळीने केला.

तरीही घोडे पटावर आहेत, हे विसरून चालत नाही. पुढील स्थिती पटावर मांडून पाहावी. पांढरा : राजा सी८, घोडा बी३, प्यादे बी७. काळा : राजा ई६, घोडा डी७. पाळी पांढऱ्याची. काळा घोडा बी८ हे घर राखून आहे, म्हणून प्याद्याचा वजीर होत नाही. पांढरा आपला घोडा सी५ वर ठेवून शह देतो. काळ्याने तो घोड्याने मारला, तर त्याचा पहारा सुटतो आणि प्यादे बी८ वर वजीर होते. राजा हलवला, तर पांढरा डी७ वरचा घोडा मारतो. तेथे सी८ वरच्या राजाचा आधार असल्याने काळा राजा उलट मारू शकत नाही, आणि प्यादे पुढे जाते. दोन्हीकडून पांढरा जिंकतो.

आता पांढरा राजा फक्त एक घर खाली, सी७ वर ठेवा आणि तीच चाल करा. घोडा सी५ वर शह देतो, काळा तो घोड्याने मारतो, पांढरा बी८ वर वजीर करतो. येथे काळा घोडा ए६ वर उडी घेतो. तेथून तो सी७ वरच्या राजाला शह देतो आणि बी८ वरच्या वजिरावरही नजर ठेवतो. राजा हलवावाच लागतो, वजीर जातो आणि डाव बरोबरीत संपतो. प्याद्यांची संख्या रेसभरही बदललेली नाही. राजा एक घर पुढे होता की नव्हता, एवढाच फरक.

म्हणून माझ्या मते प्रश्न या क्रमाने विचारावेत. प्रतिपक्षाने घोडा देऊन एक प्यादे मारले, तर मागे दुसरे उरते काय? घोडे आत्ता बदलले, तर राजांची जागा आणि पाळी कोणाच्या बाजूने आहे? आणि शेवटी, प्यादे वजीर होईल त्या क्षणी माझा राजा नव्या वजिरासह एकाच घोड्याच्या उडीत सापडतो काय? पहिल्या प्रश्नात प्यादी मोजावी लागतात. उरलेल्या दोहोंचे उत्तर राजा ज्या घरात उभा आहे, त्या घराकडे पाहूनच मिळते.