दर गुरुवारी एक प्रश्न

एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला दर आठवड्याला निरोप येतो: या आठवड्याचे व्हिडिओ खुले झाले आहेत, गृहपाठ अमुक तारखेपर्यंत द्या. सगळा अभ्यासक्रम पहिल्याच दिवशी हातात पडत नाही. पाठागणिक आधीच लिहून, वेळ लावून ठेवलेल्या अशा निरोपांच्या साखळीला या क्षेत्रात ‘ड्रिप’ मालिका म्हणतात. मात्र ‘नवा पाठ आला’ एवढंच सांगणारी मालिका फार उपयोगाची नसते. खरं काम पाठ बघून झाल्यावर सुरू होतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत झपाट्यानं विसरलं जातं आणि पुढे तो वेग मंदावतो. या शतकात हार्वर्डचे शल्यविशारद प्राइस केरफूट यांनी प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना ईमेलवर थोडे थोडे प्रश्न पाठवले आणि काही आठवड्यांनी तेच पुन्हा विचारले. अशा अंतरा-अंतरानं आलेल्या प्रश्नांमुळे ज्ञान जास्त काळ टिकतं, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. म्हणून चांगल्या मालिकेत सूचनेपेक्षा प्रश्नाला मोठी जागा असते.

समजा, मोडी लिपीचा आठ आठवड्यांचा वर्ग आहे. सोमवारी संध्याकाळी सातला पाठ खुला होतो आणि सोबत दोन ओळींची पोस्ट जाते: आज काय शिकायचं, किती वेळ लागेल. गुरुवारी दुसरी पोस्ट. तिसऱ्या आठवड्यात ती अशी असू शकेल: जुन्या पत्रातल्या एका ओळीचं छायाचित्र आणि एकच प्रश्न, ‘यात शब्द कुठे तुटतात?’ मोडीत आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत आणि शब्द सुटे करत नसत. त्यामुळे अक्षरओळख झालेला विद्यार्थीही इथेच अडतो. उत्तर त्याच पोस्टमध्ये नसतं, ते पुढच्या सोमवारी येतं. शनिवारची पोस्ट दोन आठवड्यांपूर्वीच्या पाठावर असते. पहिल्या पाठातली अक्षरं निसटू लागतात, नेमकी तेव्हा ती पुन्हा समोर येतात.

आता घड्याळ कुठून मोजायचं, हा प्रश्न येतो. सगळे एकाच तारखेला सुरू करणार असतील तर कॅलेंडरची तारीख सोयीची. पण तीन आठवडे उशिरा आलेल्याला थेट चौथ्या पाठाचा प्रश्न मिळतो आणि तो बावरतो. नावनोंदणीच्या दिवसापासून मोजलं तर प्रत्येकाला पहिल्या पाठापासून मालिका मिळते, पण मग वर्ग एका जागी राहत नाही आणि पुढे गेलेल्याच्या चर्चेतून मागच्याला उत्तरं आयती कळतात. मूडलसारख्या प्रणालीत तिसरी वाट आहे: आधीचा पाठ पूर्ण झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, अशी अट घालता येते. ‘पूर्ण’ म्हणजे नुसतं पान उघडलं असं ठरवलं, तर मात्र त्या अटीला अर्थ उरत नाही. त्याऐवजी छोटी चाचणी सोडवण्याची अट ठेवावी.

गोंधळ होतो तो वेळापत्रक सरकलं की. शिक्षक आजारी पडले, पाचवा पाठ एका आठवड्यानं पुढे गेला आणि कुणी फक्त व्हिडिओची तारीख बदलली. गुरुवारी न शिकवलेल्या पाठावरचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती पडतो. गूगल क्लासरूममध्ये प्रत्येक पोस्टला स्वतःची तारीख आणि वेळ असते, त्यामुळे पाच ते आठ या चार पाठांच्या बाराही पोस्ट एकेक करून सरकवाव्या लागतात. म्हणून आधी एका तक्त्यात ‘पाठानंतर तीन दिवसांनी’ अशी नोंद ठेवावी आणि मजकुरात ‘काल’, ‘उद्या’ लिहिणं टाळावं.

परदेशातला विद्यार्थी असेल तर घड्याळ आणखी एकदा बघावं लागतं. आपले संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच पोस्ट साडेआठला पोचते. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या वर्गात थेट तास असेल, तर हा बदल आधीच कळवायला हवा.

मालिका चालते आहे का, हे ईमेल किती जणांनी उघडले यावरून ठरवणं आता धोक्याचं. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमधल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. गुरुवारच्या प्रश्नाला आलेली उत्तरं जास्त विश्वासार्ह. तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरं येत होती आणि चौथ्यात एकदम आटली, तर प्रश्न अवघड झाला की पाठच बघितला गेला नाही, हे पाठाच्या नोंदीशी ताडून कळतं. पाठ बघितला पण उत्तर नाही, तर प्रश्न सोपा करावा. पाठच बघितला नसेल, तर त्या आठवड्यात नवा पाठ न देता मागे राहिलेल्यांना सावरायला सात दिवस द्यावेत.