पाच सेकंदांचा परिचय

गावोगावच्या व्याख्यानमालांची पत्रिका हातात आली की वक्त्याच्या फोटोखाली बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो. तो शेवटपर्यंत कोण वाचतं? पत्रिका चाळणाऱ्याची नजर फोटोवर, नावावर आणि फार तर पहिल्या ओळीवर टेकते आणि पान उलटतं. मिनिटाला 200 ते 250 शब्द हा वाचनाचा वेग धरला, तर पाच सेकंदांत 17 ते 21 शब्द वाचून होतात. परिचयाची खरी जागा तेवढीच. बाकीचं छापलं जातं, वाचलं जात नाही.

समजा, साताऱ्यातल्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंचं मुलांच्या अडखळत बोलण्यावर व्याख्यान आहे. त्यांनी पाठवलेला परिचय असा सुरू होतो: सुसंस्कृत कुटुंबात जन्म, लहानपणापासून अभ्यासू वृत्ती, पदवीला सुवर्णपदक, पुढे पदव्युत्तर शिक्षण, विविध संस्थांच्या कार्यकारिणीवर सदस्य, अनेक पुरस्कारांनी सन्मानित. त्यानंतर कुठेतरी सातव्या वाक्यात कळतं की गेली 18 वर्षं त्या अडखळत बोलणाऱ्या मुलांसोबत काम करतात आणि आईवडिलांना, शिक्षकांनाही त्यात तयार करतात. शेवटी छंद: बुलेटवरून भटकंती.

इथे कात्री लगेच उचलायची नाही. आधी ठरवायचं, की वाचणारा कोण आणि वाचून तो काय करणार. ही पत्रिका एखाद्या आईच्या हातात पडणार आहे. तिचा मुलगा वर्गात उत्तर द्यायला उभा राहिला की पहिल्याच अक्षरावर अडतो. शनिवारी संध्याकाळी व्याख्यानाला जायचं की नाही, एवढंच तिला ठरवायचंय. मग ती शेजारणीला या बाईंबद्दल काय सांगेल, ते वाक्य लिहून काढायचं. ‘अगं, मुलं अडखळतात ना, तेव्हा घरच्यांनी काय करायचं ते त्या शिकवतात.’ लक्षात राहायला हवं ते हेच. ‘ख्यातनाम’ किंवा ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ असं कुणीही शेजारणीला सांगत नाही, त्यामुळे ते शब्द तिथेच गळतात.

आता उरलेलं प्रत्येक वाक्य या वाक्याशेजारी ठेवून पाहायचं. त्याने हे वाक्य स्पष्ट होतं का, किंवा त्यावरचा विश्वास वाढतो का? 18 वर्षांनी विश्वास वाढतो, ती राहतात. ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हटल्यावर शिक्षण त्यात आलंच, पदव्यांची माळ नको. जन्म, कार्यकारिणी, पुरस्कार यांचा त्या आईला उपयोग नाही. सुवर्णपदकाशी मात्र झटापट होते. ते खरं आहे, कष्टाचं आहे, आणि बाईंना ते काढवत नाही. पण मूल नीट बोलेल का, या प्रश्नाला ते काहीच उत्तर देत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट बुलेट. कंटाळवाणं वाक्य नुसतं जागा खातं, चटकदार वाक्य मात्र लक्षात राहण्याची जागाच बळकावतं. परिचय अनोळखी माणसाच्या हातात द्या, मनात पाच मोजा, कागद काढून घ्या आणि काय आठवतं ते विचारा. ‘बुलेट चालवतात त्या बाई’ असं उत्तर आलं, तर छंद गेला पाहिजे. ‘डॉक्टर असाव्यात बहुतेक’ असं आलं, तर मुख्य काम खाली दडलंय. घरच्यांवर ही चाचणी घेऊन उपयोग नाही, त्यांना आधीच सगळं माहीत असतं.

दडण्यात मराठी वाक्याचाही हात असतो. आपल्याकडे विशेषणं आधी आणि माणूस मागून येतो. ‘अमुक पुरस्काराने सन्मानित, तमुक संस्थेच्या माजी सदस्य, ज्येष्ठ...’ असं करत खऱ्या कामापर्यंत पोचेतो पाच सेकंद संपतात. म्हणून नाव वर वेगळ्या ओळीत घ्यावं आणि खाली लगेच तिच्या कामाचे शब्द:

‘मूल बोलताना अडखळत असेल, तर घरच्यांनी आणि शिक्षकांनी काय करायचं, हे शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट. 18 वर्षं याच कामात.’

यावर आयोजकांचा फोन येणार: ‘मॅडम, एवढंच?’ आपल्याकडे परिचयाची लांबी हा मान असतो, आखूड परिचय म्हणजे पाहुण्यांचा अपमान वाटतो. त्यावर सोपी वाट आहे. सूत्रसंचालकाला व्यासपीठावरून वाचायला मोठा परिचय वेगळा पाठवावा. तिथे श्रोते खुर्चीत बसलेले असतात आणि पान उलटता येत नाही. नोकरीच्या अर्जाला किंवा अनुदानाच्या फॉर्मलाही ही कात्री लावू नये, तिथे तपासणारा माणूस रकाने भरलेत का तेच बघतो.

आणि याच बाई उद्या स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांसमोर बोलणार असतील, तर हे वाक्य तसंच उचलून चालणार नाही. त्या मुलांना घरच्यांनी काय करायचं यापेक्षा हे जाणून घ्यायचं असतं, की शाळेत जाऊन शिक्षकांना सोबत घ्यायचं काम प्रत्यक्षात जमवतात कसं. तिथे पहिली ओळ शाळांची असेल, आणि सुवर्णपदक तिथेही बाहेरच राहील.